वलीशिवाय निकाह होतो का? कूफा, मदीना आणि इस्लामी कायद्याची घराणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हनफी, मालिकी, शाफई, हन्बली ही नावे आपण ऐकतो, पण ही घराणी कशी घडली हे तारखांच्या यादीतून कळत नाही. म्हणून या पानावर मी एकच प्रश्न धरून चालणार आहे : सज्ञान, शहाणी स्त्री आपल्या वलीशिवाय, म्हणजे वडील, भाऊ अशा पालकाच्या मध्यस्थीशिवाय, स्वतःचा निकाह करू शकते का? मदीनेने याला ‘नाही’ म्हटले आणि इराकातल्या कूफ्यात अबू हनीफा यांनी ‘हो’ म्हटले. हा वाद पुढे अकराशे वर्षांनी मुंबईच्या हायकोर्टापर्यंत पोहोचला.

मजहब म्हणजे वेगळा धर्म का?

नाही. आपल्याकडे हिंदी-उर्दूच्या वळणाने ‘मजहब’ म्हणजे धर्म असा अर्थ झाला आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ जाण्याची वाट. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रात, एखाद्या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत जाण्याची एका गुरुपरंपरेची वाट म्हणजे मजहब. मराठी वाचकाला गायकीतले घराणे आठवले तर फार चुकणार नाही. राग तोच असतो, पण तो मांडायचा कसा हे गुरूकडून आलेले असते. ज्यांना हिंदू कायद्याची ओळख आहे त्यांना मिताक्षरा आणि दायभाग आठवतील. तिथेही ग्रंथाधार बरेचसे समान आहेत आणि भाष्यकारांमुळे निकाल वेगळे झाले आहेत.

सुरुवातीला कायदा ठरवायचे कोण?

कोणत्याही कचेरीने तो ठरवला नाही, आणि पुढचे सगळे समजून घ्यायला ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. काजी नेमायचे काम खलिफा आणि सुभेदार करत. पण काजीने कोणत्या नियमाने निकाल द्यायचा, हे मशिदीत खांबाला टेकून शिकवणारे विद्वान ठरवत. त्यांना फकीह म्हणत. त्यांच्यातले बरेच जण पोटापाण्यासाठी दुसरे काही करत. अबू हनीफा (मृत्यू ७६७) कूफ्यात रेशमी कापडाचा व्यापार करत.

आठव्या शतकाच्या सुरुवातीला अशी शिक्षणाची वर्तुळे शहराशहरांत होती. लोक ‘कूफावाले असे म्हणतात’, ‘मदीनेवाल्यांचे मत असे आहे’ असे बोलत. मत शहराचे असे. ते व्यक्तीच्या नावावर जायला अजून अवकाश होता.

कूफा आणि मदीना यांच्यात इतका फरक का पडला?

मदीना हे पैगंबरांचे गाव. तिथल्या विद्वानांचे म्हणणे असे, की पैगंबर इथे राहिले, त्यांचे सोबती इथे राहिले, त्यांची मुले-नातवंडे आमच्या शेजारी आहेत, तेव्हा इथे पिढ्यानपिढ्या जे चालत आले तोच पुरावा. याला ते ‘अमल’ म्हणत. मालिक इब्न अनस (मृत्यू ७९५) यांचा ‘मुवत्ता’ हा ग्रंथ वाचताना ही भूमिका पानोपानी दिसते. आधी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याचे निवेदन, किंवा सोबत्याचे वचन येते, आणि मग ‘आमच्याकडे यावर एकमत आहे ते असे’.

कूफा मात्र नवे शहर होते. साधारण ६३८ मध्ये खलिफा उमर यांच्या काळात फौजेची छावणी म्हणून ते इराकात वसले. अनेक अरबी टोळ्या तिथे शेजारी शेजारी आल्या. पुढे इराणी आणि स्थानिक लोक मुसलमान होऊन त्यात मिसळले. अबू हनीफा यांचे आजोबा काबूलकडचे असल्याचे सांगतात. अशा शहरात ‘आमच्याकडे हे असेच चालते’ असे म्हणून भागत नाही, कारण ‘आमच्याकडे’ म्हणजे नेमके कोणाकडे, हाच तिथला प्रश्न असतो. उमर यांनी पैगंबरांचे सोबती इब्न मसऊद यांना तिथे शिकवायला पाठवले होते. त्यांच्यानंतर अलकमा, मग इब्राहीम नखई, मग हम्माद आणि मग अबू हनीफा अशी परंपरा चालली. अबू हनीफा हम्माद यांच्याकडे सुमारे अठरा वर्षे होते. या परंपरेत ज्ञात नियमामागचे कारण शोधून ते नव्या प्रसंगाला लावायचे, म्हणजे कियास करायचा, ही सवय मुरली. ‘समजा असे झाले तर?’ हा त्यांचा आवडता प्रश्न.

मदीनेला ही सवय खटकत असे. मुवत्तात याचा एक सुंदर प्रसंग आहे. रबीआ हे मदीनेचेच विद्वान, मालिक यांचे गुरू. त्यांनी वयोवृद्ध सईद इब्न मुसय्यब यांना विचारले, की स्त्रीचे एक बोट कापले गेले तर भरपाई किती? दहा उंट. दोन बोटांची? वीस. तीन बोटांची? तीस. चार बोटांची? वीस. रबीआ चकित झाले. जखम वाढली आणि भरपाई कमी झाली? सईद यांनी उलट विचारले, “तू इराकी आहेस का?” रबीआ म्हणाले, मी एकतर खात्री करून घेणारा विद्वान आहे, नाहीतर शिकू पाहणारा अडाणी. सईद यांचे उत्तर होते, “पुतण्या, ही सुन्नत आहे.” सुन्नत म्हणजे घालून दिलेली, चालत आलेली रीत.

यामागचा हिशेब असा. जिवाची पूर्ण भरपाई शंभर उंट. एक तृतीयांशपर्यंत स्त्रीची भरपाई पुरुषाइतकीच, त्यापुढे गेली की पुरुषाच्या निम्मी. चार बोटांचे पुरुषाला चाळीस, म्हणून स्त्रीला वीस. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण हा प्रश्न मदीनेत, मदीनेच्याच माणसाच्या तोंडून आलेला आहे. तर्क कूफ्यात आणि परंपरा मदीनेत अशी सरळ वाटणी कधीच नव्हती. दोन्हीकडे दोन्ही होते. ओढाताण झाली तर मान कोणाला द्यायचा, एवढाच फरक होता.

आता मूळ प्रश्न. वलीबद्दल मदीनेचे म्हणणे काय होते?

वली हवाच. मुवत्तात खलिफा उमर यांचे वचन आहे, की स्त्रीचा निकाह तिच्या वलीच्या, किंवा तिच्या घरातल्या जाणत्या माणसाच्या, किंवा सुलतानाच्या परवानगीनेच व्हावा. वली करार करतो आणि स्त्रीची संमती घेतो. मदीनेच्या पद्धतीप्रमाणे कुमारिका मुलीच्या बाबतीत वडिलांचा अधिकार तर याहून मोठा मानला गेला.

मग अबू हनीफा यांनी ‘हो’ कशाच्या आधारावर म्हटले?

त्यांचा पहिला आधार कुरआनच्या शब्दांचा. दुसऱ्या सूरेच्या २३२ व्या आयतीत घटस्फोटित स्त्रियांविषयी म्हटले आहे, की त्यांनी आपल्या पतींशी विवाह करण्याच्या आड येऊ नका. इथे ‘विवाह करणे’ या क्रियापदाची कर्ती स्त्री आहे. २३० व्या आयतीतही तसेच. कूफ्याचे म्हणणे असे, की कुरआन कृती स्त्रीच्या नावावर मांडतो, तर ती कृती तिला करता येते.

दुसरा आधार एका हदीसचा. गंमत अशी, की ती मालिक यांच्याच मुवत्तात, इब्न अब्बास यांच्या हवाल्याने आहे : ‘अय्यिम स्त्रीचा स्वतःवर तिच्या वलीपेक्षा अधिक हक्क आहे, आणि कुमारिकेला विचारले जावे, तिचे मौन ही तिची परवानगी.’ सगळा वाद ‘अय्यिम’ या एका शब्दावर येऊन थांबतो. कूफ्यात त्याचा भाषिक अर्थ घेतला गेला : जिला पती नाही अशी कोणतीही स्त्री. मदीनेकडच्यांनी म्हटले, की पुढच्याच वाक्यात कुमारिका वेगळी काढली आहे, म्हणून इथे अय्यिम म्हणजे विधवा किंवा घटस्फोटित, आणि तिचा ‘अधिक हक्क’ म्हणजे तिच्या स्पष्ट होकाराशिवाय वलीने पुढे जाऊ नये, इतकाच.

तिसरा आधार कियासचा. सज्ञान स्त्री आपले घर, बाग, दागिने वडिलांना न विचारता विकू शकते, हे कूफ्यात मान्य होते. वडिलांचा अधिकार तिच्या अज्ञानपणापुरता होता आणि ती सज्ञान झाल्यावर तो मालमत्तेवरून उठला. मग तिच्या स्वतःवरून तो का उठू नये?

‘वलीशिवाय निकाह नाही’ अशी स्पष्ट हदीस आहे ना? ती त्यांनी बाजूला कशी ठेवली?

हा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो, आणि तो बहुधा आरोपाच्या सुरात येतो. म्हणून थोडे सविस्तर सांगते.

वलीच्या बाजूने दोन हदीस प्रसिद्ध आहेत. एक पैगंबरांचे सोबती अबू मूसा यांच्याकडून : ‘वलीशिवाय निकाह नाही.’ दुसरी पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्याकडून : जी स्त्री वलीच्या परवानगीशिवाय निकाह करील तिचा निकाह बातिल, म्हणजे रद्द. हा शब्द त्यात तीनदा आला आहे.

हनफी विद्वानांनी दुसऱ्या हदीसची साखळी, म्हणजे ती कोणी कोणाकडून ऐकली हा क्रम, तपासली. इब्न जुरैज, त्यांच्या आधी सुलैमान इब्न मूसा, त्यांच्या आधी जुहरी, त्यांच्या आधी उर्वा आणि मग आयेशा. इब्न जुरैज यांनी नंतर खुद्द जुहरी यांना विचारले तेव्हा जुहरींनी ही हदीस ओळखली नाही, असे नोंदलेले आहे. त्यात भर म्हणजे आयेशा यांचे स्वतःचे वर्तन. त्यांचे भाऊ अब्दुर्रहमान सीरियाला गेलेले असताना आयेशा यांनी त्यांच्या मुलीचा, हफ्साचा, निकाह मुंजिर इब्न जुबैर यांच्याशी लावून दिला. हीसुद्धा नोंद मुवत्तातलीच. भाऊ परत आल्यावर नाराज झाले, पण निकाह टिकला. हनफींचा सवाल असा, की निवेदिका स्वतः उलट वागली असेल, तर तिच्या नावावरच्या हदीसचा तोच अर्थ कसा धरायचा?

समोरच्यांकडेही उत्तरे होती. जुहरी विसरले असतील, आणि निवेदक विसरला म्हणून निवेदन खोटे ठरत नाही. आयेशा यांनी फक्त बोलणी ठरवली असतील आणि प्रत्यक्ष करार घरातल्या कोणा पुरुषाने केला असेल. ही उत्तरे कच्ची नाहीत. दोन्ही बाजू हदीस मानणाऱ्याच होत्या. कोणती हदीस किती वजनाची, ती कुरआनच्या शब्दांशी कशी जुळवायची आणि निवेदकाच्या वर्तनाला किती किंमत द्यायची, यावर त्यांचे मार्ग वेगळे झाले. फकीहचे खरे काम हेच होते.

म्हणजे हनफी कायद्यात स्त्री पूर्ण मोकळी?

नाही, आणि हे न सांगता अर्धाच नियम सांगितला जातो. अबू हनीफा यांच्या मते दोन अटी लागतात. वर ‘कुफू’ म्हणजे तोलामोलाचा असावा आणि मेहर, म्हणजे वराने वधूला द्यायची रक्कम, तिच्या घरातल्या स्त्रियांना मिळणाऱ्या मेहरपेक्षा कमी नसावा. यात उणीव असेल तर वली काजीकडे हरकत घेऊ शकतो. कुफूचा हिशेब कूफ्यात फार बारकाईने झाला. कुळ, धर्मनिष्ठा, संपत्ती, धंदा असे निकष आले. अनेक वंशांचे आणि दर्जांचे लोक एकत्र राहणाऱ्या शहरात हे व्हावे यात नवल नाही, असे काही इतिहासकार म्हणतात आणि मला ते पटते. स्त्रीला करार करता येतो म्हटल्यावर घरच्यांची काळजी दुसऱ्या दाराने आत आली.

पुढे हे दार आणखी रुंद झाले. अबू हनीफा यांचे शिष्य हसन इब्न जियाद यांनी त्यांचेच एक वेगळे मत सांगितले, की वर तोलामोलाचा नसेल तर निकाह मुळातच होत नाही. नंतरच्या अनेक हनफी मुफ्तींनी, म्हणजे कायद्याच्या प्रश्नांवर मत देणाऱ्या विद्वानांनी, फतव्यासाठी हे मत निवडले.

अबू हनीफा यांनी कायद्याचा ग्रंथ लिहिला नाही म्हणतात. मग त्यांची मते आली कुठून?

शिष्यांकडून, आणि ते शिष्य गुरूशी सर्रास असहमत होते. दोघे महत्त्वाचे. अबू यूसुफ (मृत्यू ७९८) हे खलिफा हारून रशीद यांच्या काळात बगदादचे मुख्य काजी झाले, त्यामुळे कूफ्याची मते न्यायदानात शिरली. मुहम्मद शैबानी (मृत्यू ८०५) यांनी ती मते लिहून काढली. ‘अस्ल’सारखे त्यांचे ग्रंथ हाच हनफी कायद्याचा पाया आहे.

शैबानी तरुणपणी मदीनेला जाऊन मालिक यांच्याकडे सुमारे तीन वर्षे शिकले आणि त्यांनी मुवत्ताची स्वतःची प्रत तयार केली. त्या प्रतीत मालिक यांचे निवेदन आधी येते आणि खाली शैबानींचा शेरा येतो : आम्ही हे घेतो, किंवा अबू हनीफा याहून वेगळे म्हणतात. आपल्या प्रश्नावरचा शेरा मुद्दाम पाहावा. उमर यांच्या वचनाखाली शैबानी स्वतः म्हणतात, वलीशिवाय निकाह नाही. स्त्री आणि वली यांच्यात वाद झाला तर सुलतान वली. आणि मग गुरूचे मत प्रामाणिकपणे नोंदतात : अबू हनीफा म्हणतात, तिने तोलामोलाचा वर निवडला आणि मेहरमध्ये स्वतःला उणे पडू दिले नाही, तर निकाह वैध. त्यांच्या बाजूचा दाखलाही शैबानीच देतात : उमर यांनी ‘घरातला जाणता माणूस’ चालेल म्हटले आहे, आणि असा माणूस काही वली नव्हे.

म्हणजे ज्याला आपण हनफी मत म्हणतो, ते हनफी घराण्याच्या आधारग्रंथकारालाही त्या ठिकाणी मान्य नव्हते. पुढे त्यांनी मत बदलून गुरूचे मान्य केले, असेही सांगितले जाते. कोणी मला ‘इमामांचा शब्द म्हणजे मजहब’ असे सांगू लागले की मी हे पान पुढे करते.

खलिफांनी एकच कायदा का लागू केला नाही?

तशी सूचना झाली होती. इब्नुल मुकफ्फा या इराणी लेखकाने आठव्या शतकाच्या मध्याला खलिफा मन्सूर यांना लिहिले, की एकाच विषयावर शहराशहरांत उलटसुलट निकाल लागतात, तेव्हा खलिफाने ते गोळा करून एक संहिता करावी. ते झाले नाही. मुवत्ताच सगळ्या मुलखात लागू करावा असा प्रस्ताव मालिक यांच्यापुढे आला आणि त्यांनी तो नाकारला, असेही परंपरा सांगते. त्यांचे कारण असे, की सोबती वेगवेगळ्या प्रदेशांत गेले आणि तिथल्या लोकांनी त्यांच्याकडून जे घेतले त्यावर ते चालत आहेत.

सत्तेशी या विद्वानांचे नाते अवघड होते. अबू हनीफा यांनी काजीपद नाकारले आणि ते बगदादच्या कैदेत वारले, असे चरित्रकार सांगतात. जबरदस्तीने घेतलेली शपथ बांधत नाही या मताबद्दल मालिक यांना फटके मारण्यात आले, कारण ते मत खलिफाशी घेतलेल्या निष्ठेच्या शपथेलाही लागू पडत होते.

शाफई यांनी नवे काय केले?

मुहम्मद इब्न इद्रीस शाफई (७६७–८२०) यांचा जन्म गाझाचा. वाढले मक्केत, मदीनेत मालिक यांच्याकडे शिकले, इराकात शैबानींच्या सहवासात आले आणि शेवटची वर्षे इजिप्तमध्ये गेली. दोन्ही घरांत ते जेवून आले होते, म्हणून दोघांच्याही उणिवा त्यांना दिसल्या. मदीनेला त्यांनी विचारले, की तुमच्या गावाची वहिवाट म्हणजे पैगंबरांची सुन्नत कशावरून? आणि कूफ्याला विचारले, की विश्वासार्ह हदीस समोर असताना तर्काला जागा कशी? त्यांच्या मते सुन्नत म्हणजे पैगंबरांची, आणि ती ओळखायची ती साखळीसह आलेल्या हदीसवरून. आधी कुरआन, मग सुन्नत, मग एकमत, मग कियास, आणि कियाससुद्धा नियम पाळून.

आपल्या प्रश्नावर त्यांची रीत लख्ख दिसते. त्यांनी तीच २३२ वी आयत घेतली. ती ज्या प्रसंगावर उतरली तो असा : मअकिल इब्न यसार यांच्या बहिणीला पतीने घटस्फोट दिला, मुदत संपल्यावर तोच पुन्हा मागणी घालायला आला, तिचीही इच्छा होती, पण मअकिल यांनी साफ नकार दिला. आयत आली आणि त्यांनी निकाह लावून दिला. शाफई म्हणतात, वलीचा अधिकार असल्याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. तिला स्वतः करार करता आला असता, तर भावाच्या अडवण्याला अर्थच काय उरला असता? ज्याच्या हाती काही आहे त्यालाच ‘अडवू नकोस’ असे सांगतात.

एकच आयत आहे. कूफ्याने क्रियापद पाहिले आणि शाफई यांनी आज्ञा कोणाला आहे ते पाहिले. दोन्ही वाचने मजकुराशी प्रामाणिक आहेत.

शाफई यांना उसूल-ए-फिकहचे, म्हणजे विधिशास्त्राच्या मूलतत्त्वांचे, जनक म्हणणे बरोबर का?

अर्धवट बरोबर. त्यांचा ‘रिसाला’ हे या विषयावरचे आपल्यापर्यंत आलेले सर्वात जुने पुस्तक. पण त्यांच्या नंतरच्या शंभर वर्षांत त्यावर फारसे लेखन दिसत नाही, आणि हे शास्त्र दहाव्या शतकात बहरले. त्यावरून त्यांचा प्रभाव उशिरा पडला असे आजचे काही संशोधक मानतात.

आणि अहमद इब्न हन्बल?

ते (७८०–८५५) मुख्यतः हदीसचे विद्वान. कायद्याचा पद्धतशीर ग्रंथ त्यांनी लिहिला नाही. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची त्यांनी दिलेली उत्तरे शिष्यांच्या वह्यांत विखुरली होती. ती खल्लाल (मृत्यू ९२३) यांनी गोळा केली. फकीहांच्या मतभेदांवर ग्रंथ लिहिताना बगदादचे इतिहासकार आणि फकीह तबरी यांनी अहमद यांना त्यात धरले नाही, आणि त्यावरून बगदादच्या हन्बलींचा रोष ओढवून घेतला. वलीच्या प्रश्नावर हन्बली मत शाफई बाजूचेच आहे.

घराणी चारच का उरली?

विद्वत्ता कमी पडली म्हणून बाकीची मेली नाहीत. सीरियाचे औजाई (मृत्यू ७७४) एकेकाळी तिथे आणि अंदलुसमध्ये, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये, मानले जात. इजिप्तचे लैस इब्न साद (मृत्यू ७९१) यांनी मालिक यांना लिहिलेले पत्र आजही वाचायला मिळते. सोबती सगळीकडे पांगले, मग एकट्या मदीनेच्या वहिवाटीला विशेष मान का, हे त्यांनी आदराने पण ठामपणे विचारले आहे. शाफई त्यांना मालिक यांच्यापेक्षा मोठे फकीह म्हणत, पण शिष्यांनी त्यांना सांभाळले नाही, अशी शाफईंची हळहळ नोंदलेली आहे. खुद्द तबरी यांचेही एक घराणे होते, तेही विरले.

टिकण्यासाठी काय लागते हे मालिकी घराण्यावरून कळते. असद इब्न फुरात हे उत्तर आफ्रिकेचे विद्यार्थी. ते मालिक यांच्याकडे शिकले, मग इराकात शैबानींकडे. तिथले ‘समजा असे झाले तर’ पद्धतीचे प्रश्न घेऊन ते इजिप्तमध्ये मालिक यांचे शिष्य इब्नुल कासिम यांच्याकडे गेले आणि त्या प्रत्येक प्रश्नावर मालिक यांचे उत्तर काय असेल ते लिहून घेतले. पुढे कैरवानच्या सहनून (मृत्यू ८५४) यांनी ते सगळे इब्नुल कासिम यांच्यासमोर पुन्हा तपासले, दुरुस्त केले, आणि त्यातून ‘मुदव्वना’ हा मालिकी कायद्याचा मुख्य ग्रंथ झाला. म्हणजे मालिकी ग्रंथाच्या सांगाड्यात प्रश्न कूफ्याचे आहेत.

घराणे ‘तयार झाले’ हे कशावरून ओळखायचे?

सोपी खूण सांगते. एखाद्या गुरूच्या मतांचा छोटा सारग्रंथ तयार होतो, विद्यार्थी तो शिकतात आणि मग त्यावर टीका लिहिल्या जातात. तेव्हापासून लोक गुरूची मते नुसती सांगत नाहीत, त्यांच्या चौकटीत विचार करतात. शाफई घराण्यात मुजनी (मृत्यू ८७८) यांचा ‘मुख्तसर’ असा ग्रंथ. बगदादमध्ये इब्न सुरैज (मृत्यू ९१८) यांनी त्याभोवती नियमित शिक्षणाची परंपरा उभी केली. मुजनी सुरुवातीलाच लिहितात, की शाफई यांनी स्वतःचे किंवा कोणाचेही अंधानुकरण करू नये असे बजावले आहे. हे वाक्य घराण्याच्या पहिल्या पाठ्यग्रंथाच्या तोंडावर आहे. म्हणून अबू हनीफा यांनी ७६७ च्या आधी ‘हनफी मजहब स्थापन केला’ असे कुठे वाचले तर सावध व्हावे. घराणी दहाव्या शतकाच्या सुमारास आकाराला आली आणि नाव पूर्वजाचे लागले.

शिया कायदा यात कुठे बसतो?

तो इमाम जाफर सादिक (मृत्यू ७६५) यांच्या परंपरेतून स्वतंत्र वाढला. मुंबईच्या बोहरा समाजाचा कायदा याहूनही वेगळा, फातिमी काळातल्या काजी नुअमान (मृत्यू ९७४) यांच्या ‘दआइमुल इस्लाम’वर आधारलेला. त्यांच्यासाठी वेगळे पान लागेल.

कोकणातले मुसलमान शाफई आणि देशावरचे हनफी, असे का?

रस्त्यांमुळे. कोकणात इस्लाम अरबी समुद्रावरून, येमेन आणि आखाताकडच्या व्यापाऱ्यांबरोबर आला. केरळ, भटकळ, इंडोनेशिया या साऱ्या किनाऱ्यांवर शाफई घराणे याच वाटेने गेले. माहीमचे मखदूम अली माहिमी हे शाफई विद्वान होते. देशावर आणि मराठवाड्यात सत्ता उत्तरेकडून आली. तिच्याबरोबर मध्य आशियात वाढलेले हनफी घराणे आणि त्याचा ‘हिदाया’ हा ग्रंथ आला.

या सगळ्याचा मुंबईच्या कोर्टाशी काय संबंध?

१८६४ चा मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद हा मुंबई हायकोर्टाचा निकाल. मुलगी शाफई घरातली. शाफई नियमाने वडिलांनी करार केल्याशिवाय तिचा निकाह होत नाही. ती वयात आल्यावर तिने हनफी मत स्वीकारले आणि वडिलांच्या संमतीविना निकाह केला. प्रश्न असा, की हा निकाह वैध का? कोर्टाने तो वैध धरला. चार सुन्नी घराण्यांपैकी कोणत्याही घराण्यातली स्त्री वयात आल्यावर दुसरे घराणे निवडू शकते, आणि त्यानंतरची तिची कृत्ये त्या इमामाच्या मतानुसार तपासली जातील.

मला या निकालात दोन गोष्टी दिसतात. मुलीला सुटका मिळाली ती इस्लामी कायद्याच्या आतूनच, कारण त्यात एकापेक्षा जास्त उत्तरे जिवंत ठेवली गेली होती. आणि शैबानींनी स्वतःला न पटलेले गुरूचे मत प्रामाणिकपणे लिहून ठेवले नसते, तर तिच्या हाती काय लागले असते?

मग हवा तो नियम हव्या त्या घराण्यातून उचलता येतो का?

सोयीपुरते वेचून घ्यायला विद्वानांनी कायम विरोध केला. पण खरी अडचण असेल तर मुफ्ती दुसऱ्या घराण्याचे मत घेऊन फतवा देऊ शकतात, हे हनफींनाही मान्य आहे. भारतातले ठळक उदाहरण बेपत्ता पतीचे. हनफी नियमाने त्याच्या वयाची माणसे वारेपर्यंत, काहींच्या हिशेबाने तो नव्वद वर्षांचा होईपर्यंत, पत्नीने थांबायचे. विसाव्या शतकात स्त्रियांची कोंडी इतकी झाली, की मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी विद्वानांची मते मागवून मार्ग सुचवला. मग १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. त्यात पतीचा ठावठिकाणा चार वर्षे लागला नाही तर पत्नीला घटस्फोट मागता येतो. ही चार वर्षे मालिक यांच्या मुवत्तातून आलेली आहेत. तिथे खलिफा उमर यांचे वचन आहे : जिचा पती हरवला आणि तो कुठे आहे हे तिला ठाऊक नाही, तिने चार वर्षे वाट पाहावी, मग चार महिने दहा दिवसांची इद्दत, म्हणजे पुन्हा निकाह करण्याआधी थांबायची मुदत, पाळावी, आणि मग ती मोकळी.